उजवीकडचं दार

आमच्या वाचनकट्ट्यावर कुणी ‘शेवटी काय, ज्याचं त्याचं मत’ असं म्हणालं की चर्चा आटोपली, चहा मागवा, असं समजायला हरकत नसते. शेवट मोकळा सोडलेली कथा वाचली की हे वाक्य हमखास येतं. लेखकानंच उत्तर दिलेलं नाही, मग तुम्ही घ्याल तो अर्थ खरा आणि मी घेईन तोही खरा. ऐकायला हे फार उदार वाटतं, पण त्याचा मुख्य फायदा एवढाच की पान मागे उलटून बघावं लागत नाही. मला नेमकं उलट वाटतं. बंद शेवटाच्या कथेत वाचकाचं काम लेखकानं बरंचसं करून ठेवलेलं असतं, मोकळ्या शेवटाच्या कथेत मात्र वाचकाला आपल्या वाचनाचा हिशेब द्यावा लागतो. तो द्यायचा कसा, हे मला एका जुन्या, जवळजवळ पोरकट वाटणाऱ्या कथेवरून सांगायचं आहे.

फ्रँक स्टॉकटन या अमेरिकन लेखकाची ‘द लेडी, ऑर द टायगर?’ ही कथा 1882च्या नोव्हेंबरात ‘द सेंच्युरी’ मासिकात आली. गोष्ट पाच-सात पानांची. एक अर्धरानटी राजा आहे. त्यानं न्यायासाठी एक मोठं रिंगण बांधलंय. आरोपीला रिंगणात सोडायचं, समोर अगदी एकसारखी दोन दारं. एकामागे भुकेला वाघ, दुसऱ्यामागे आरोपीच्या वयाला आणि पायरीला शोभेल अशी सुंदर तरुणी. वाघ निघाला तर तो दोषी होता. तरुणी निघाली तर तो निर्दोष, आणि तिथल्या तिथे लग्न. घरी बायकोपोरं असली तरी लग्न. राजाच्या मुलीचं एका हुद्द्यानं खालच्या दरबारी तरुणावर प्रेम बसतं, राजाला ते कळतं आणि तरुणाची रवानगी रिंगणात होते. राजकन्या सोनं आणि जिद्द खर्चून कोणत्या दारामागे काय आहे ते शोधून काढते. दुसऱ्या दारामागे कोण उभी राहणार हेही तिला कळतं. ती दरबारातली एक रूपवती, आणि हिचा तिच्यावर आधीपासून राग आहे. रिंगणातून तरुण नजरेनं विचारतो, ‘कुठलं?’ राजकन्येचा हात कठड्याच्या गादीवर असतो. ती तो जरासा उचलून उजवीकडे हलवते. त्याच्याखेरीज कुणाला दिसत नाही. तो सरळ चालत जातो आणि उजवीकडचं दार उघडतो.

मग निवेदक विचारतो, दारातून वाघ आला की ती तरुणी? आणि शेवटपर्यंत उत्तर देत नाही.

आपल्याला वेताळ पंचविशीची सवय. तिथेही गोष्ट प्रश्नावर येऊन थांबते, पण विक्रमाला उत्तर द्यावंच लागतं, आणि ते उत्तर पुस्तकात छापलेलं असतं. इथे विक्रमच नाही, त्यामुळे कट्ट्यावर सगळ्यांनी आपापल्या खांद्यावर वेताळ घेतला. कॉलेजात शिकणारा एकजण तत्काळ म्हणाला, “वाघ. हंड्रेड पर्सेंट. माझ्या एक्सनं मला असंच एका मुलीबरोबर बोलताना पाहिलं होतं.” हशा पिकला. त्यावर बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू म्हणाल्या, “अरे, पण राजकन्या तुझी एक्स कुठे आहे? तिच्याबद्दल बोल की.”

काकूंना माहीत नसेल, पण त्यांनी त्या कथेतलंच एक वाक्य जवळजवळ उच्चारलं होतं. प्रश्न विचारून झाल्यावर निवेदक वाचकाला बजावतो: निर्णय तुमच्या हातात आहे असं धरून विचार करू नका, निराशा आणि मत्सर अशा दुहेरी आगीत होरपळणाऱ्या त्या तापट, अर्धरानटी राजकन्येच्या हातात तो आहे असं धरून करा. हे वाक्य वाचताना बहुतेकांच्या नजरेतून निसटतं, कारण तोवर आपण वाघ की बाई याचा हिशेब मांडायला लागलेलो असतो. पण सगळी मेख इथेच आहे. वाचकाला बोलावणारी कथाच त्याला सांगते की आत ये, पण स्वतःला घेऊन सगळीकडे फिरू नकोस.

गंमत म्हणजे स्टॉकटन स्वतः पुढे याच्या उलट बोलला. उत्तर मागणाऱ्या वाचकांची पत्रं त्याला इतकी आली की एकदा त्यानं म्हणून टाकलं, तुम्ही बाई ठरवता की वाघ, यावरून तुम्ही स्वतः कसे आहात ते तुम्हाला कळेल. हे वाक्य कथेपेक्षा जास्त फिरतं. मला ते बिलकूल पटत नाही. त्यानं कथेची स्वभावचाचणी होते, वर्तमानपत्राच्या पुरवणीत येते तशी. रॉबर्ट ब्राउनिंग या कवीनं या प्रश्नावर वाघाच्या बाजूनं कौल दिला होता, पण देताना तो ‘अशी राजकन्या’ आणि ‘अशी परिस्थिती’ धरून बोलला. उत्तर बरोबर की चूक ते सोडा, लेखकापेक्षा कवीनं कथेचं जास्त ऐकलं.

अभिनवगुप्त या काव्यशास्त्रकारानं हजार वर्षांपूर्वी काश्मिरात रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली, त्यात एक हेच आहे: प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असणं. त्यावर त्यानं नाटकातलं गाणं, वाद्यं, रंगमंडपाची शोभा हे उपाय सांगितले, म्हणजे घरून आणलेला घोर माणूस दाराबाहेर ठेवेल. छापील कथेला गाणं-बजावणं नसतं. तिथे हे काम एखाद्या वाक्याला करावं लागतं, आणि स्टॉकटननं ते वाक्य लिहून ठेवलंय.

मग कुणी म्हणेल, वाचकाचा अनुभव बाजूलाच ठेवा, फक्त मजकूर बघा. विम्सॅट आणि बियर्डस्ली या दोन अमेरिकन समीक्षकांनी 1949मध्ये असाच पवित्रा घेतला होता. वाचकाच्या अंगावर काटा आला, डोळ्यांत पाणी आलं, हे सांगून उपयोग काय, ते खोडताही येत नाही आणि त्यावर पुढे काही रचताही येत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं चुकीचं नाही. ‘मला भीती वाटली’ यावर मी काय बोलणार? वाटली असेल. पण ‘अमुक शब्दापाशी मला भीती वाटली आणि त्याच्या पुढच्या वाक्याला ती उलटी फिरली’ असं कुणी म्हणालं तर मी तो शब्द काढून बघू शकतो. भीती तुमची, पण जागा सगळ्यांची. तिथून वाद घालता येतो.

लुईज रोझेनब्लॅट या अमेरिकन अभ्यासक बाईंनी वाचकाच्या बाजूनं सबंध हयात घालवली, तरी त्यांनी दोन अटी सोडल्या नाहीत. तुमच्या अर्थाला मजकुरातल्या कशानं छेद जाता कामा नये, आणि ज्याला मजकुरात शब्दाचाच आधार नाही असं काही तुम्ही वरून घालता कामा नये. कट्ट्यावर निघालेले अर्थ आम्ही या दोन चाळण्यांतून काढले. ‘राजानं दोन्हीकडे वाघच ठेवले असणार’ हा तर्क एकाला फार आवडला होता. पण हा राजा आपली न्यायपद्धत निव्वळ नशिबावर चालते, तिथे लबाडी नाही याचाच तोरा मिरवतो, आणि राजकन्येला दोन्ही दारांमागचं रहस्य कळल्याचं कथा स्पष्ट सांगते. वर तरुण कसाही गेला तरी राजाचं काम होणारच असतं, हेही लिहिलंय. मग त्याला फसवायची गरज काय? तर्क बाद. ‘त्यानं तिचा स्वभाव ओळखून मुद्दाम दुसरं दार उघडलं’ हा तर्क एका ओळीत गेला, तो उजवीकडेच गेला असं छापलंय. ‘खरं प्रेम जीव घेत नाही’ हे तिसरं. हे मोडायला अवघड गेलं, कारण ते कथेबद्दलचं विधान वाटतं आणि असतं सुभाषित. पण कथेत राजकन्या स्वतःशी विचारते की त्यानं लगेच मरावं आणि परलोकात आपली वाट बघावी, हेच बरं नाही का? म्हणजे मरणाचा विचार तिच्या प्रेमाच्या आतूनच येतो. ती शेवटी तसं करेल की नाही हा प्रश्न राहतो, पण प्रेम आहे म्हणून दार बाईचं, हे गणित चालत नाही.

चाळण्यांनी भुसा जातो, पण त्यावरून कथा वाचताना काय होतं ते कळत नाही. त्यासाठी आम्ही एक साधी युक्ती केली. स्टॅन्ली फिश या अमेरिकन समीक्षकानं 1970मध्ये सुचवलं होतं की वाक्याचा अर्थ काय हे विचारण्याऐवजी ते वाक्य वाचणाऱ्याचं काय करतं ते विचारावं, शब्दामागून शब्द. आम्ही शेवटची दोन पानं मोठ्यानं वाचली आणि ठरावीक जागी थांबलो: हात हलण्याआधी, दार उघडल्यावर, आणि मग पुढच्या प्रत्येक परिच्छेदाशी. दर थांब्यावर प्रत्येकानं वहीत लिहायचं की आत्ता मला काय येईलसं वाटतंय आणि कोणत्या शब्दामुळे. वह्या शेवटी उघडायच्या, मध्ये बोलायचं नाही. हे शेवटचं फार महत्त्वाचं. मध्ये बोलू दिलं तर जो आधी आणि मोठ्यानं बोलतो त्याचाच अनुभव सगळ्यांचा होतो.

वह्या उघडल्या तेव्हा मतं वेगवेगळी होती, पण वळणं बहुतेकांची त्याच जागी होती. दार उघडेपर्यंत जवळजवळ सगळे बाईच्या बाजूला, कारण तो ‘न कचरता’ चालत गेला. त्याच्या विश्वासाची लागण आपल्याला होते. एकीनं लिहिलं होतं, “तो इतका निश्चिंत आहे म्हणजे ती वाचवणार.” इथे पान मागे उलटावं लागतं. त्याची खात्री कशाबद्दल होती? ही दारांमागचं रहस्य शोधून काढल्याशिवाय राहणार नाही, एवढ्याबद्दल. तिचा स्वभाव त्याला ठाऊक होता असं कथा म्हणते, ती आपल्याला वाचवेल अशी त्याची खात्री होती असं कुठेही म्हणत नाही. ही फट आपण भरतो, आणि भरली हे आपल्याला कळतही नाही. मतापेक्षा वेगळा असा वाचकाचा अनुभव मी म्हणतो तो हा. तो सगळ्यांना होतो, त्याची जागा दाखवता येते आणि त्याला मजकुरात कारण असतं.

पुढे दोन परिच्छेद येतात. पहिल्यात राजकन्या जागेपणी आणि स्वप्नात त्याला वाघाच्या दाराशी बघते, दचकते आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेते. हा परिच्छेद जेमतेम एका वाक्याचा. दुसऱ्याची सुरुवातच ‘पण त्याहून कितीतरी जास्त वेळा’ अशी. आता तो दुसऱ्या दाराशी आहे, दार उघडताच त्याचा चेहरा आनंदानं उजळतो, तो त्या तरुणीकडे धावतो, लोकांचा जल्लोष, घंटा, लग्न लावायला आलेला पुरोहित, फुलांच्या पायघड्यांवरून निघालेली वरात, आणि त्या गोंगाटात बुडून गेलेली हिची एकच किंकाळी. वाघाच्या तिप्पट-चौपट लांब तरी असेल.

काकूंच्या वहीत इथे एकच ओळ होती: “वाघाच्या वेळी ती तोंड झाकते, लग्नाच्या वेळी डोळे उघडे.”

मी ही कथा कित्येकदा वाचली आहे आणि वर्गात शिकवलीही आहे, पण हे इतक्या नेमकेपणानं कुणी बोललेलं ऐकलं नव्हतं. तोंड झाकल्यामुळे वाघ तिला दिसत नाही, म्हणून तो आपल्यालाही दिसत नाही. लग्न मात्र ती दात खात, केस उपटत, पण शेवटपर्यंत बघते, म्हणून आपल्यालाही बघावं लागतं. वाचणाऱ्याच्या मनात एका बाजूला नुसता ‘वाघ’ हा शब्द उरतो आणि दुसऱ्या बाजूला अख्खी वरात. साहजिकच पारडं झुकतं. त्या परिच्छेदाच्या शेवटी बहुतेक वह्यांमध्ये ‘वाघ’ लिहिलेलं होतं, आणि ज्यांनी लिहिलं त्यांत मत्सर या भावनेविषयी अगदी परस्परविरुद्ध मतं असलेली माणसं होती. त्यांना तिथे नेलं ते त्यांच्या मतांनी नाही, तर मजकुरातल्या जागेच्या वाटपानं.

त्यानंतर तो प्रश्न, त्यानं लगेच मेलेलंच बरं नाही का? इथवर वाघ पक्का. आणि मग एक तुटक ओळ: आणि तरीही, तो भयंकर वाघ, त्या किंकाळ्या, ते रक्त! मघाशी तोंडावर धरलेले हात इथे सुटतात. जे बघायचं टाळलं होतं ते आता आवाज आणि रंग घेऊन येतं, तेही अगदी शेवटी, जेव्हा पारडं परत फिरवायला पुढे वेळच उरलेला नसतो. म्हणजे लांबीचं वजन वाघाच्या बाजूला आणि शेवटचा धक्का तरुणीच्या बाजूला. कट्ट्यावर जे ‘वाघ’ म्हणून ठाम राहिले ते ‘कितीतरी जास्त वेळा’ या शब्दांवर बोट ठेवत होते, आणि जे फिरले ते ‘आणि तरीही’वर. दोघांच्याही बोटाखाली छापील शब्द होता. माझ्या मते या कथेतली संदिग्धता म्हणजे एवढंच, दोन खऱ्या आधारांनी वाचणाऱ्याला दोन बाजूंना ओढणं. ‘काहीही चालेल’ यापासून ती फार लांब आहे, कारण इथे दोनच गोष्टी चालतात आणि त्यांची कारणंही ठरलेली आहेत.

या पद्धतीच्या मर्यादेबद्दलही बोलायला हवं. तिनं उत्तर मिळत नाही. मिळतं असं जो म्हणतो तो शेवटच्या ओळीआधीच थांबलेला असतो. शिवाय वाचकाला कथेचं एखादं गृहीतच मान्य नसेल तर काय करायचं, हा प्रश्न उरतो. कट्ट्यावरची एक मुलगी सबंध वेळ चिडलेली होती. रानटी पूर्वजांचं रक्त, त्यातून आलेला मत्सर, हे सगळं एका बाईवर लादून तिला कोडं बनवायचं आणि पुरुषानं ते सोडवायचं, हे तिला सहन होत नव्हतं. मला तिचं म्हणणं पटतं. पण मग तिनं पुढे जाऊन “राजकन्या इतकी मत्सरी असूच शकत नाही, तिनं बाईचंच दार दाखवलं” असं म्हटलं, तेव्हा काकूंनी तिला थांबवलं. “तुझा राग लेखकावर आहे ना? मग तो लेखकावर काढ. राजकन्येच्या हातून का काढतेस?” विरोध हाही वाचकाचा अनुभव आहे, आणि चांगला आहे. फक्त तो कथेला विरोध म्हणून मांडावा, कथेचा अर्थ म्हणून नाही.

एक गोष्ट मात्र वह्यांमध्ये सगळ्यांनीच लिहिली होती आणि ती मला सर्वांत मोलाची वाटली: शेवटी चीड आली. उत्तर न मिळाल्याची चीड. ही तर निव्वळ भावना, हिचं काय करायचं? पुन्हा मागे गेलो. रिंगणाचं वर्णन करताना निवेदक सांगतो की लोक जमायचे तेव्हा आज रक्तपात बघायला मिळणार की लग्नाची धमाल, हे त्यांना माहीत नसायचं, आणि या अनिश्चिततेमुळेच त्या सोहळ्याला एरवी आली नसती अशी रंगत यायची. तरुण जगो की मरो, राजा हा सगळा खेळ रसिकतेनं बघत बसणार, असंही तो म्हणतो. वाचताना आपण राजाला हसतो. आणि दोन पानांनी आपण नेमके त्याच सज्जात बसून, दारातून काय आलं, लवकर सांगा, म्हणून अस्वस्थ होतो. फरक इतकाच की तिथल्या लोकांना कळलं. दार उघडलं तेव्हा हजारो माणसांनी बघितलं, राजकन्येनंही बघितलं. घटनेत संदिग्ध असं काही नाहीच, फक्त आपल्याला ती बघू दिलेली नाही.

ज्यानं बघू दिलं नाही त्याच्यावर चिडायला आधारही आहे. हा निवेदक राजकन्येच्या स्वप्नात शिरून आला, तिनं तोंड झाकलं तेही त्याला दिसलं, इतके दिवस आणि रात्री तळमळून तिनं निर्णय आधीच घेतला होता हेही त्याला माहीत. आणि नेमका तो निर्णय सांगायची वेळ आली की हा विनयशील होतो: उत्तर देऊ शकणारा मीच एकटा, असा आव मी कसा आणू? कट्ट्यावर या वाक्याला एकानं चक्क शिवी हासडली. ती शिवी मी त्या दिवशीची सर्वांत चांगली समीक्षा मानतो, कारण ती अचूक वाक्यावर पडली होती.

वाचकांच्या तगाद्याला कंटाळून स्टॉकटननं 1885मध्ये या कथेचा पुढचा भाग लिहिला. त्यात परदेशातून पाच माणसं राजाच्या दरबारात येतात, दारातून कोण आलं ते विचारायला. दरबारातला अधिकारी त्यांना आणखी एक गोष्ट सांगतो, तीही प्रश्नावर सोडतो आणि म्हणतो, याचं उत्तर तुम्ही आधी ठरवा, मग मी तुमच्या प्रश्नाचं देतो. ती गोष्ट मात्र जमलेली नाही. तिथे डोळ्यांवर पट्टी बांधून राजपुत्राचं लग्न लावतात आणि मग त्याला घोळक्यातून आपली बायको ओळखायला सांगतात. दोघींवर येऊन अडतं, एक किंचित हसते, दुसरी किंचित कपाळाला आठी घालते. आम्ही तीही थांबत थांबत वाचली. वह्या जवळजवळ कोऱ्या राहिल्या. त्या दोघींपैकी एकीच्याही मनात आपल्याला नेलेलं नव्हतं, त्यामुळे वळायला जागाच नव्हती. कुणी हसरी म्हणालं, कुणी आठीवाली, आणि का ते कुणालाच दाखवता येईना. तेव्हा मात्र कॉलेजवाला म्हणाला, “हां, इथे ज्याचं त्याचं मत,” आणि काकूंनीही त्याला अडवलं नाही.